ग्रुपवरचा एकतिसावा संदेश

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत, जिल्हा बँकांत आणि शाळांच्या स्टाफरूममध्ये १ जूनला वाढदिवसांची झुंबड उडते. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. एक-दोन पिढ्यांपूर्वी खेड्यापाड्यांत मुलाच्या जन्माची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याच्याकडे एकदा बघत, वयाचा अंदाज बांधत आणि १ जून टाकून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होणार, हिशेब सोपा. दाखल्यावरची ती तारीख पुढे सेवापुस्तकात गेली, आधारकार्डावर गेली आणि आता ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आहे. एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला निरोपसमारंभांची रांग लागते तीही याच गुरुजींच्या कृपेने.

अशा माणसाला १ जूनला सकाळपासून तीस शुभेच्छा येतात. केकचं चित्र, फुलांचा गुच्छ, ‘हॅपी बर्थडे सर’. तोही तीस वेळा हात जोडलेली बाहुली पाठवतो. प्रत्यक्षात त्याच्या आईने त्याला सांगितलेलं असतं की तू नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. ही गोष्ट त्याने कधीतरी चहा पिताना कुणाला सांगितलेली असते. ज्याला सांगितली त्याने ती लक्षात ठेवून नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोन ओळी लिहिल्या, तर त्या दोन ओळींचं वजन त्या तीस संदेशांना येणार नाही. वयाने मोठ्या सहकाऱ्याला शुभेच्छा देण्याआधी पहिलं काम म्हणून ‘खरा वाढदिवस कधी असतो तुमचा?’ हे विचारून ठेवावं. विचारलेलं कुणालाही आवडतं.

तारीख कळल्यावर अडचण येते ती पहिल्याच शब्दाला. सुरुवात करायची कशी?

आपल्याकडे पत्राच्या सुरुवातीला मायना म्हणतात आणि मायन्याची काळजी मराठी कारभाराइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या नावावर ‘मेस्तक’ सांगितलं जातं. कारभाराची पत्रं कशी लिहावीत, कुणाला काय संबोधावं, याचे नियम त्यात आहेत. पुढे घरगुती पत्रांतही ही शिस्त उतरली. वडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव आणि अनेक उत्तम आशीर्वाद, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. परक्या पुरुषाला ‘रा. रा.’ लिहिलं की झालं. नातं आणि मान या दोन मापांनी सगळं जग मोजलेलं होतं.

या मापात सहकारी कुठेच बसत नाही. तो नात्यातला नाही आणि परकाही नाही. दिवसाचे आठ तास आपण त्याच्या शेजारी बसतो, त्याच्या डब्यातली भाजी ओळखतो, त्याला कोणत्या फोननंतर वैताग येतो हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच्या घरी आपण कदाचित एकदाच, तेही मुलीच्या लग्नाला गेलेलो असतो. जुन्या मायन्यांत त्याची सोय नाही म्हणून माणसं लिहायला बसली की एकदम सरकारी होतात. रोज ‘ओ जाधव, चहा घेणार का?’ म्हणणारा माणूस वाढदिवसाला ‘आदरणीय सहकारी मित्र श्री. जाधव साहेब, आपणास’ अशी सुरुवात करतो. जाधवांना वाचताना वाटतं, हा मेमो तर नाही?

वास्तविक ऑफिसांनी आपले मायने कधीच तयार केले आहेत. फक्त ते बोलण्यात आहेत. ताई, दादा, अण्णा, काका, मावशी. विदर्भात भाऊ. कुठे नुसतं आडनाव, कुठे आडनावाला जोडलेलं ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, कुठे बावीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या वरिष्ठाला नावाने मारलेली हाक, कारण त्या कंपनीत तशीच पद्धत आहे. लिहिताना यातली नेमकी तीच हाक उचलायची, जी तोंडात आहे. ‘प्रिय’ लावायचं की नाही, हेही त्यावरच ठरतं. ‘प्रिय शैलाताई’ छान वाटतं, ‘प्रिय देशपांडे मॅडम’ जरा अवघडतं, आणि ‘प्रिय साहेब’ लिहिणाऱ्याचा काहीतरी अर्ज बाकी असावा असा संशय येतो. तिथे ‘साहेब, नमस्कार’ पुरेसं असतं. सुनीता देशपांडे यांनी जी. ए. कुलकर्णींना लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकाचं नावच ‘प्रिय जी. ए.’ असं आहे. दोन आद्याक्षरांवर सगळा जिव्हाळा तोलला आहे. त्याला ना श्रीयुत लागलं, ना विशेषण.

हाकेइतकीच सर्वनामाची काळजी घ्यावी लागते. ज्याला आपण ‘तुम्ही’ म्हणतो त्याला लिहिताना ‘आपण’ होतं आणि संदेश तिथेच थिजतो. ‘आपणास’, ‘आपल्या कुटुंबीयांस’, ‘आपल्या पुढील वाटचालीस’ ही भाषा मानपत्राची आहे. ती संस्थेने माणसाला लिहायची असते. त्याहून वाईट म्हणजे मधेच बदललेली भाषा. सुरुवात ‘आपणास’ने आणि शेवट ‘तुझ्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत’ने झाला, की पहिली ओळ कुठून तरी उचललेली आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

आता मजकूर. समजा, एका सहकारी बँकेच्या शाखेत शैलाताई काउंटरवर बसतात. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी पंचवीसेक वर्षांची. शेजारच्या काउंटरवर तीन वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा आहे आणि उद्या त्याला शैलाताईंना वाढदिवसाचा संदेश पाठवायचा आहे. पहिल्या दमात त्याच्या हातून असं काहीसं उतरतं:

‘आदरणीय शैलाताई, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपण अत्यंत कार्यक्षम, मनमिळाऊ व सर्वांना सांभाळून घेणाऱ्या आहात. आई तुळजाभवानी आपणास उदंड आयुष्य, सुख, समृद्धी व आरोग्य देवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’

यात चुकीचं काही नाही, आणि शैलाताईंचंही काही नाही. वरचं नाव खोडून शाखाधिकाऱ्यांचं घातलं तरी चालेल. ‘आहात’ तर दोघांनाही चालतं. ही तपासणी प्रत्येकाने स्वतःच्या संदेशावर करून बघावी. नाव बदलल्यावर मजकूर जसाच्या तसा दुसऱ्याला जात असेल, तर तो अजून लिहून झालेला नाही. शिवाय कार्यक्षम, मनमिळाऊ ही विशेषणं गोपनीय अहवालातली आहेत. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईंनी ती दरवर्षी वाचलेली असतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणं कधीच सोडून दिलेलं असतं.

मग लिहायचं काय? इथे सहकाऱ्याकडे एक भांडवल असतं, जे घरच्यांकडे नसतं. शैलाताईंच्या नवऱ्याने, मुलांनी, बहिणींनी त्यांना काउंटरवर कधीच पाहिलेलं नाही. संध्याकाळी घरी येणारी दमलेली बाई त्यांना माहीत आहे. सकाळी साडेअकराला रांगेतल्या चिडलेल्या खातेदाराशी बोलणारी माहीत नाही. ती फक्त शेजारच्या काउंटरवरच्या मुलाने पाहिली आहे. आरोग्य आणि समृद्धी घरचेही चिंतणारच आहेत. त्याने जे पाहिलं ते लिहावं, कारण ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

तर त्याने काय पाहिलं? नोव्हेंबर महिना निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा. त्या दिवसांत शाखेत पाय ठेवायला जागा नसते. अशा एका दुपारी एक आजोबा पैसे काढायला आले. हात थरथरत असल्यामुळे त्यांची सही बँकेतल्या नमुना सहीशी जुळेना. सही जुळत नाही म्हटल्यावर स्लिप परत करायची, हा सोपा रस्ता. शैलाताईंनी त्यांना आत खुर्ची दिली, ओळखपत्र पाहून नव्या नमुना सहीचा फॉर्म भरून घेतला, वरिष्ठांची सही आणली आणि या सगळ्यात मागची रांग ओरडत असताना आवाज चढवला नाही. शेजारच्या मुलाला हे आठवत होतं. फक्त वाढदिवसाच्या संदेशात असलं काही लिहायचं असतं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी त्याने असं लिहिलं:

‘शैलाताई, नमस्कार! वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. नोव्हेंबरच्या गर्दीत तुम्ही त्या आजोबांना खुर्चीत बसवून त्यांची नवी नमुना सही घेतलीत, ते मी शेजारून बघत होतो. सही जुळली नाही तरी माणसाला परत पाठवायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मे महिन्यात तुम्ही दापोलीला जाणार आहात ना, ती रजा पूर्ण मंजूर होवो आणि तिथे बँकेचा एकही फोन न येवो!’

पाच वाक्यं. पहिल्यात रोजची हाक आणि नमस्कार. दुसऱ्यात शुभेच्छा, कारण आज दिवस त्यासाठीचा आहे आणि तो मुद्दा लांबवून उपयोग नाही. पुढच्या दोघांत एक प्रसंग, आणि त्यात ‘तुम्ही फार दयाळू आहात’ असं कुठेही म्हटलेलं नाही. प्रसंग सांगितला की विशेषण वाचणारा स्वतः लावतो. शेवटचं वाक्य शुभेच्छेचं, पण ती उदंड आयुष्याची नाही. मे महिन्यापर्यंतची आहे. जवळच्या, खऱ्या, हाताला लागेल अशा गोष्टीची इच्छा केली की ती इच्छा खरी वाटते. शंभर वर्षं जगा म्हणणारे खूप भेटतात, रजा मंजूर होवो म्हणणारा आपला वाटतो.

प्रसंग निवडताना मात्र हात राखून असावा. सहकाऱ्याचं आजारपण, घरातली कुरबूर, मुलाचा हुकलेला प्रवेश अशा गोष्टी आपल्याला विश्वासाने सांगितलेल्या असतात. ‘एवढ्या अडचणीतून तुम्ही उभ्या राहिलात’ असं कौतुकाने लिहिलं तरी त्या दिवशी ती आठवण नको असते. वयाचा आकडाही तिने स्वतः सांगितला नसेल तर काढू नये. आणि प्रसंगात तिसऱ्याचा कमीपणा नसावा. ‘बाकीचे टाळत होते, तुम्हीच केलंत’ हे वाक्य ग्रुपवर गेलं की बाकीच्यांची नावं सगळ्यांना आपोआप कळतात. वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिताना आणखी एक पथ्य आहे. कामाचा प्रसंग लिहावा, पण झालेल्या कामाचा. ‘यंदाही तुमच्याकडून अशाच वसुलीची अपेक्षा’ असं शेवटी आलं की शुभेच्छेचं टार्गेट होतं.

अभिनंदनाचा संदेश वाढदिवसापेक्षा अवघड, कारण वाढदिवस सगळ्यांना येतो आणि बढती एकालाच मिळते. समजा त्याच शाखेतले एक कॅशियर बढती मिळून दुसऱ्या गावी शाखाधिकारी म्हणून चालले आहेत. ग्रुपवर लगेच सुरू होतं: ‘अखेर न्याय मिळाला!’, ‘देर आए दुरुस्त आए’, ‘पेढे कधी?’, ‘आता आम्हाला विसरू नका साहेब’. हे सगळे प्रेमानेच लिहितात. पण ‘अखेर’ म्हटलं की इतकी वर्षं मिळालं नव्हतं याचीच आठवण निघते. ‘न्याय मिळाला’ म्हटलं की अन्याय करणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो, आणि ज्यांनी यादी केली ते साहेबही त्याच ग्रुपवर असतात. ‘नशीब उघडलं’ म्हटलं की माणसाने रात्री जागून दिलेली परीक्षा पुसली जाते. आणि ‘आम्हाला विसरू नका’ या वाक्यात अभिनंदन कुणाचं आहे? त्यात सगळं लक्ष लिहिणाऱ्याकडेच आहे. पेढ्यांना माझा विरोध नाही, पण ते तोंडी मागावेत.

अभिनंदनात बातमी नेमकी यायला हवी. ‘तुमच्या यशाबद्दल’ हे धूसर. कोणतं पद, कोणती शाखा, कोणती परीक्षा, हे नावानिशी लिहिलं की आपण सूचनाफलक नीट वाचला आहे, हे दिसतं. त्यानंतर ते कशामुळे मिळालं यातलं आपण पाहिलेलं एखादं काम, आणि शेवटी पुढच्या जागेसाठी शुभेच्छा. झालेल्या गोष्टीचं अभिनंदन आणि होणाऱ्या गोष्टीला शुभेच्छा, हा साधा भेद पाळला तरी अर्धं काम होतं. ‘वाढदिवसाचं अभिनंदन’ कानाला खटकतं ते यामुळेच. आपल्या कॅशियरना असं लिहिता येईल:

‘शिंदे, मनापासून अभिनंदन! शाखाधिकारी झाल्याची ऑर्डर आत्ता वाचली. मार्चअखेरीला रोकड दोनशे रुपयांनी कमी भरली तेव्हा रात्री नऊपर्यंत बसून तुम्ही फरक शोधलात, आणि सापडल्यावर कुणाची चूक हे मोठ्याने सांगितलं नाहीत. ती चूक माझी होती. नव्या शाखेला पहिल्या दिवसापासून चांगला स्टाफ मिळो. सामान हलवायला रविवारी मी मोकळा आहे.’

शेवटच्या वाक्यात एकही शुभशब्द नाही, तरी सगळ्यात ऊबदार तेच आहे. ‘काही लागलं तर सांगा’ असं लिहिलं असतं तर शिंद्यांनी काही सांगितलं नसतं. रविवार म्हटल्यावर टेम्पो कधी येणार ते ते कळवतील.

हा संदेश ग्रुपवर टाकण्याचा नाही, हे उघड आहे. ग्रुपवरचा संदेश चारचौघांतला असतो, त्याने दोन ओळींत आटपावं: हाक, अभिनंदन, पद. त्याच बढतीच्या यादीत ज्यांचं नाव आलं नाही असा एखादा माणूस तोच ग्रुप वाचत असतो. त्याच्यासमोर लांबलचक गुणगान करण्यापेक्षा ते शिंद्यांना वेगळं पाठवणं बरं. वाढदिवसालाही हेच धोरण चालतं. ग्रुपवर सगळ्यांबरोबर एक ओळ, कारण आपलं नाव तिथे दिसलं नाही तर तेही बोचतं. आणि खासगीत चार ओळी, शक्यतो रात्री बाराच्या ठोक्याला नव्हे. मध्यरात्रीचा संदेश मित्रांना शोभतो. सहकाऱ्याचा फोन त्या वेळी वाजला की कॅश कमी भरली की काय, असं वाटतं.

एक धोका गेल्या काही वर्षांत वाढला आहे, तो फ्लेक्सचा. चौकाचौकांतल्या फलकांनी वाढदिवसाची एक वेगळीच मराठी घडवली. दमदार नेतृत्व, आधारस्तंभ, युवकांचे आशास्थान, आणि खाली पंचवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. ही भाषा आता ऑफिसात शिरली आहे आणि भांडारपालाच्या वाढदिवसाला ‘भांडार विभागाचे आधारस्तंभ’ असं लिहून येतं. थट्टेत असेल तर बहारदार. गंभीरपणे लिहिलं असेल तर वाचणाऱ्याने काय करावं? पूर्वी तारखात्यातही शुभेच्छांची ठरीव वाक्यं असत. प्रत्येकाला क्रमांक दिलेला असे आणि आपण फक्त क्रमांक सांगायचा. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण ठरीव वाक्यं गेली नाहीत. तारेत त्यांना कारण होतं, तिथे शब्दाला पैसे पडायचे. फोनवर शब्द फुकट आहेत, तरी आपण क्रमांकच पाठवतो.

काही वाढदिवस असे असतात, जेव्हा ‘खूप मजा करा’ लिहायचं नसतं. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षश्राद्धापर्यंत अनेक घरांत सण करत नाहीत, वाढदिवसाला ओवाळणंही टाळतात. अशा वेळी ग्रुपवर केकचं चित्र पडलं की तो माणूस गप्प बसतो. म्हणून संदेशच न पाठवणं हा मात्र उपाय नव्हे. ‘यंदा तुम्ही वाढदिवस करणार नाही हे माहीत आहे. तरी आज तुमची आठवण काढली एवढंच सांगायचं होतं. उत्तराची घाई नाही,’ एवढं पुरतं. यात शुभेच्छा हा शब्दही नाही आणि लागतही नाही.

आणि तारीख हुकली तर? बहुतेकांना वाटतं की आता लिहिण्यात अर्थ नाही, आणि ते पुढच्या वर्षावर टाकतात. पुढच्या वर्षीही हुकतं. उशीर झाला तर माफीचा परिच्छेद न घालता सरळ लिहावं: ‘शैलाताई, नमस्कार! तुमचा वाढदिवस मंगळवारी होऊन गेला, मला आज कळलं. शुभेच्छा शिळ्या होत नसतील अशी आशा.’ पुढे जो प्रसंग लिहायचा तो लिहावा. मंगळवारी ग्रुपवर तिसांच्या मागे आपण एकतिसावे ठरलो असतो. शुक्रवारी संदेश एकटाच पोहोचतो, निवांतपणे वाचला जातो, आणि त्याला हात जोडलेल्या बाहुलीऐवजी चार शब्दांचं उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त असते.